चेकवर ‘सुनंदाबेन पानशे’, खात्यात ‘सुनंदा पानसे’

प्रश्न : आई बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याला दुपारचे डबे पुरवते. त्यांचा ८६,४०० रुपयांचा चेक १२ ऑगस्टच्या तारखेचा आहे. त्यावर ‘सुनंदाबेन एम. पानशे’ असं लिहिलंय. आईचं बचत खातं ‘सुनंदा मधुकर पानसे’ या नावानं आहे (नावं इथे बदलली आहेत). बँकेच्या पेटीत चेक टाकला, तो नाव जुळत नाही म्हणून परत आला. आता सप्टेंबर संपत आला. कारखान्याचा अकाउंटंट म्हणतो, ‘चेक घेऊन या, नाव खोडून सही करून देतो.’ मामा म्हणतात, चेक बाउन्स झालाय, वकिलाची नोटीस धाडा. नक्की काय करावं?

उत्तर : पहिलं काम म्हणजे अकाउंटंटला त्या चेकवर पेन टेकवू देऊ नका. तो भल्या मनानं सांगतोय आणि पूर्वी तसं चालायचंही. मी बँकेत लागलो तेव्हा नाव खोडून बाजूला पूर्ण सही केलेले चेक सर्रास पास व्हायचे. पण आता चेकचा कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात नाही, त्याची प्रतिमा जाते. प्रतिमेवर खाडाखोड खरी की बनावट हे कळणं अवघड, म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०१० साली नियम केला की या पद्धतीनं वटणाऱ्या चेकवर तारखेची मुदत वाढवण्यापलीकडे कसलाही बदल चालणार नाही. घेणाऱ्याचं नाव नाही, आकड्यातली रक्कम नाही, अक्षरी रक्कमही नाही. खाली सही असली तरी नाही. आज तुमच्या हातात नावात थोडी चूक असलेला चेक आहे. अकाउंटंटनं खोडून दिला की हातात निकामी कागद राहील आणि मग नव्या चेकवाचून दुसरा रस्ताच उरणार नाही.

आता मामांच्या नोटिशीचं बघू. त्यासाठी आधी चेक नेमका कुठून परत आला ते शोधायला हवं. चेकसोबत एक छोटी चिठ्ठी, म्हणजे मेमो, आला असेल. तो कुणी दिलाय ते पाहा. बहुतेक तो आईच्याच बँकेचा असेल, कारण घेणाऱ्याचं नाव तपासण्याचं काम त्याच बँकेचं असतं. कारखान्याच्या बँकेला चेकची प्रतिमा दिसते, त्यावर ‘सुनंदाबेन एम. पानशे’ दिसतं, पण पैसे कुठल्या नावाच्या खात्यात पडणार आहेत हे तिला दिसत नाही. आईच्या बँकेनं चेक पुढे पाठवला म्हणजे ‘हा आमच्याच खातेदाराचा आहे’ असा शब्द तिनं दिला, असं पलीकडची बँक धरून चालते.

म्हणून माझा अंदाज असा की हा चेक क्लिअरिंगला गेलाच नाही. पेटी उघडल्यावर कुणीतरी स्लिपवरचा खाते नंबर संगणकात टाकला, पडद्यावर वेगळं नाव आलं आणि चेक बाजूला काढला. याला बाउन्स म्हणत नाहीत. कारखान्याच्या खात्यात पैसे आहेत की नाहीत हे कुणी विचारलेलंच नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होते ती खात्यात पैसे कमी पडल्यामुळे किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा रक्कम जास्त झाल्यामुळे चेक परत आला तर. नावातल्या शुद्धलेखनाची चूक तिथे बसत नाही. नोटीस पाठवलीत तर वकिलाची फी जाईल आणि वर रोजच्या डब्यांचं गिऱ्हाईकही जाईल. मेमो मात्र कारखान्याच्या बँकेचा असेल आणि त्यावर ‘पैसे अपुरे’ असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नोटिशीला ३० दिवसांची मुदत असते आणि मामांचं ऐकावं लागेल. म्हणून आधी मेमो वाचा.

तुम्हाला वाटेल, एवढ्या तेवढ्या फरकासाठी आपलीच बँक का अडते? आईला तर शाखेतले सगळे ‘काकी’ म्हणून ओळखतात. पण यात बँकेची स्वतःची मान अडकलेली असते. त्याच कायद्याचं कलम १३१ असं सांगतं की रेघा मारलेल्या चेकचे पैसे बँकेनं आपल्या खातेदारासाठी प्रामाणिकपणे आणि निष्काळजीपणा न करता गोळा केले, आणि पुढे चेक खातेदाराचा नव्हता असं निघालं, तरी बँक जबाबदार नाही. ‘निष्काळजीपणा न करता’ या तीन शब्दांवर सगळं टांगलेलं आहे. नाव वेगळं दिसत असताना विचारपूस न करता पैसे जमा केले, की ते संरक्षण गेलं. शिवाय चेकवर ‘अकाउंट पेयी’ लिहिलं असेल तर रिझर्व्ह बँकेची सक्त सूचना आहे की तो ज्याच्या नावाचा आहे त्याच्याखेरीज कुणाच्याही खात्यात जमा करू नये. तेव्हा काउंटरवरच्या मुलीचं मनात चाललेलं गणित साधं असतं: दोन नावं असलेला हा एकच माणूस आहे का, असं मला उद्या कुणी विचारलं तर मी कशाच्या आधारावर सांगणार?

तिला तो आधार कागदावर दिला की काम होतं. पण त्याआधी तुमच्या चेकमध्ये फरक किती आणि कसला आहे ते नीट बघू, कारण सगळे फरक सारखे नसतात. तुमच्या बाबतीत एक नाही, तीन फरक आहेत.

पहिला ‘बेन’. गुजरातेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी बाईच्या नावाला हे शेपूट लागतं, तसं पुरुषांच्या नावाला ‘भाई’ लागतं. रेशन कार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत ‘बेन’ चिकटलेलं मी पाहिलंय. बडोद्यातल्या बँकेत काम केलेला कुठलाही माणूस याला नावाचा भाग मानत नाही, मान देण्याची पद्धत मानतो. नुसत्या ‘बेन’मुळे चेक अडला तर समजावं की तपासणारा नवा आहे किंवा तपासणी गुजरातेबाहेरच्या मध्यवर्ती कार्यालयात होते. दुसरं बऱ्याचदा होतं आजकाल. पेटीतले चेक शाखेत न उघडता एका ठिकाणी गोळा होतात आणि तिथल्या माणसाला दांडिया बाजारातली काकी माहीत असण्याचं कारण नाही.

दुसरा फरक ‘मधुकर’ऐवजी ‘एम.’. मधल्या नावाचं आद्याक्षर चालतं, पहिलं नाव पूर्ण असेल आणि आडनाव जुळत असेल तर. उलट, पहिल्याच नावाचं आद्याक्षर असेल तर मी स्वतः चेक थांबवत असे, आणि त्यामागे एक ठेच आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या टेबलावर ‘एस. एम. जाधव’ या नावाचा चेक आला. स्लिपवर खाते नंबर होता, खातं संजय जाधवचं होतं, वडिलांचं नाव ‘म’वरून. मी टिकमार्क करून पुढे सरकवला. आठवड्याभरानं सुहास जाधव येऊन उभा राहिला. सख्खा धाकटा भाऊ, वडील तेच, आडनाव तेच, आद्याक्षरंही तीच. चेक त्याचा होता, स्लिप मोठ्यानं भरली होती. (ही नावंही बदललेली आहेत.) दोघा भावांचं आपसात मिटलं म्हणून मी वाचलो. पण मराठी नावात मधलं नाव वडिलांचं आणि आडनाव घराण्याचं, म्हणजे भावाभावांत फरक फक्त पहिल्या नावाचा, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं. त्यामुळे पहिलं नाव चेकवर पूर्ण हवंच. तुमच्या आईच्या चेकवर ते आहे.

तिसरा फरक ‘पानसे’चं ‘पानशे’. इंग्रजीत एक ‘एच’ जास्त पडलाय. उच्चारात हा फरक किरकोळ आहे, पण ‘पानशे’ हे दुसऱ्या कुणाचं आडनाव असू शकतं, आणि खरी अडचण तिथे आहे. डब्ल्यू घालून लिहिलेला वाघ आणि व्ही घालून लिहिलेला वाघ, किंवा ‘देशपांडे’त एक ‘एच’ कमी, यात तपासणारा मनात विचारतो: असं आडनाव असलेला वेगळा माणूस असू शकतो का? वाघाच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं येतं, कारण कसाही लिहिला तरी तो वाघच. ‘पानशे’ला मात्र तो थोडा घुटमळतो.

या तिघांपैकी कुठलाही एकटा असता तर चेक बहुधा निघून गेला असता. तीन एकत्र आले की पडद्यावरच्या नावातला एकच शब्द, ‘सुनंदा’, जसाच्या तसा जुळतो, आणि तोही मागे ‘बेन’ घेऊन. माझ्या टेबलावर असता तर मीही आईला बोलावून घेतलं असतं. परत पाठवला नसता, पण बोलावलं नक्की असतं.

आणखी एक प्रकार असतो, तो तुमचा नाही, पण डब्याच्या धंद्यात फार होतो म्हणून सांगतो. चेकवर ‘सुनंदा टिफिन’ किंवा ‘पानसे केटरर्स’ असं लिहिलेलं असेल तर तो शुद्धलेखनाचा प्रश्न राहत नाही. धंद्याचं नाव म्हणजे बँकेच्या नजरेत वेगळं नाव, आणि त्या नावाचं चालू खातं नसेल तर बचत खात्यात तो चेक जमा होत नाही. तिथे पत्रंबित्रं काही चालत नाहीत, सरळ नवा चेक मागावा.

आता उपाय. तारीख १२ ऑगस्ट, चेकची मुदत तीन महिने, म्हणजे ११ नोव्हेंबरच्या आधी तो क्लिअरिंगला जायला हवा. हाताशी सहा आठवडे आहेत. मी आधी आईच्या बँकेतच प्रयत्न करीन आणि त्याला एक आठवड्यापेक्षा जास्त वेळ देणार नाही.

पेटीत पुन्हा टाकू नका. तेच होईल. आईला घेऊन तिचं खातं जिथे आहे त्या शाखेत जा, शक्यतो सकाळी, महिन्याचे पहिले दोन-तीन दिवस आणि पेन्शनची गर्दी टाळून. काउंटरवर वाद न घालता थेट शाखा व्यवस्थापक किंवा उपव्यवस्थापकाला भेटा, कारण ‘फरक किरकोळ आहे, मी पाहिलाय’ असं लिहून सही करण्याचा अधिकार त्यांचा असतो, काउंटरचा नसतो. सोबत मूळ चेक, आलेला मेमो, पासबुक, आधार आणि पॅन. आणि सगळ्यात वजनदार कागद म्हणजे कारखान्याचं पत्र.

अकाउंटंट काहीतरी करायला तयार आहेच, तर त्याच्याकडून खाडाखोडीऐवजी हे पत्र घ्या. कारखान्याच्या लेटरहेडवर, आईच्या बँकेच्या शाखा व्यवस्थापकांच्या नावे, चार-पाच ओळींत. इंग्रजी किंवा गुजरातीत लिहिलं तरी चालेल, आशय असा असावा:

‘आमच्या अमुक बँकेतील अमुक खात्यावरील चेक क्रमांक अमुक, दिनांक १२ ऑगस्ट, रक्कम रुपये ८६,४००, आम्ही सुनंदाबेन एम. पानशे या नावे दिला आहे. हा चेक आम्हाला जेवणाचे डबे पुरवणाऱ्या, दांडिया बाजार, वडोदरा येथे राहणाऱ्या श्रीमती सुनंदा मधुकर पानसे यांनाच दिलेला असून ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. नाव लिहिताना आमच्याकडून चूक झाली. आपल्याकडील त्यांच्या अमुक क्रमांकाच्या खात्यात रक्कम जमा करण्यास आमची हरकत नाही.’

खाली चेकवर ज्याची सही आहे त्याचीच सही आणि कारखान्याचा शिक्का. हे महत्त्वाचं आहे. अकाउंटंटनं स्वतः सही करून दिलेल्या पत्राची किंमत कमी, कारण बँक ती सही चेकवरच्या सहीशी ताडून बघते. चेकवर मालकाची सही असेल तर पत्रावरही मालकाचीच हवी.

याबरोबर आईकडून बँक एक हमीपत्र लिहून घेईल. त्यात दोन गोष्टी असतात: दोन्ही नावं माझीच आहेत, आणि पुढे कुणी दावा केला तर रक्कम परत करण्याची जबाबदारी माझी. काही शाखा हे साध्या कागदावर घेतात, काही ई-स्टँपवर मागतात. रकमेवर आणि व्यवस्थापकाच्या स्वभावावर ते ठरतं. ई-स्टँप मागितला तर किती रुपयांचा ते त्यांनाच विचारून घ्या आणि मगच काढा. मजकूरही त्यांच्याच नमुन्यात घ्या, बाहेरच्या नोटरीचा तयार कागद नेऊन पुन्हा नाकारला जाण्यात अर्थ नाही.

काही लोक सांगतील, चेकच्या मागे आईनं आधी ‘सुनंदाबेन एम. पानशे’ अशी आणि तिच्याखाली खरी अशा दोन सह्या कराव्यात. ही जुनी आणि योग्य रीत आहे, चेकवर जसं चुकीचं नाव असेल तशीच आधी सही करायची. व्यवस्थापकानं सांगितलं तर करा. पण स्वतःहून, घरून करून जाऊ नका. अकाउंट पेयी चेकवर मागची सही पुरेशी नसते, आणि मागे दोन नावांच्या सह्या बघून अनोळखी तपासनीस आणखी बिचकतो.

व्यवस्थापकानं हो म्हटलं तर चेक त्यांच्याच हातात द्या आणि काउंटरची पोच घ्या. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर एकेक करून पुढे पाठवायची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे सकाळी दिलेल्या चेकचा निकाल पुष्कळदा त्याच दिवशी कळतो. संध्याकाळी खात्यात बघा.

नाही म्हणाले तर? तो त्यांचा हक्क आहे हे धरून चाला. ‘फरक किती चालतो’ याचा ठरलेला तक्ता नाही, आपल्या जबाबदारीवर घ्यायचा की नाही हे बँक ठरवते. तक्रार करता येते. आधी बँकेकडे लेखी, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पण तीस दिवस वाट पाहण्यात नोव्हेंबर उजाडेल आणि बँक काही चुकीचं वागलेलीही नाही. या वाटेनं मी तरी जाणार नाही.

तेव्हा दुसरी वाट: कारखान्याकडून पैसे नव्यानं घेणं. यात माझी पसंती नव्या चेकपेक्षा एनईएफटीला आहे, आणि कारण याच प्रश्नाशी जोडलेलं आहे. एनईएफटीत पैसे खाते नंबरावर जातात, नावाचं स्पेलिंग जुळलं नाही म्हणून अडत नाहीत. एक काळ होता की नंबराचा एक आकडा चुकला की पैसे भलत्याच्या खात्यात, आणि मग शोधत बसा. आता १ एप्रिल २०२५ पासून बँकांनी अशी सोय दिली आहे की पाठवणाऱ्यानं नंबर आणि आयएफएससी टाकला की पैसे पाठवण्याआधीच त्या खात्याचं नाव पडद्यावर दिसतं. अकाउंटंटला ‘सुनंदा मधुकर पानसे’ असं दिसेल, तो बटण दाबेल, काम संपलं. त्याला आईच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवा, तोंडी नंबर सांगू नका.

त्यांना चेकच द्यायचा असेल (काही मालकांना कागदावर सही केल्याशिवाय चैन पडत नाही) तर दोन गोष्टी सांभाळा. जुना चेक फुकट हातात देऊ नका. आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि ‘चेक क्रमांक अमुक परत मिळाला, त्याऐवजी नवा देणे बाकी’ एवढं लिहून घेऊन मग द्या. नवा चेक आधी हातात घेऊन जुना परत केला तर सगळ्यात उत्तम. दुसरी गोष्ट, रक्कम ५०,००० च्या वर आहे, त्यामुळे कारखान्यानं आपल्या बँकेला चेकची माहिती आधी कळवायची सोय, पॉझिटिव्ह पे, वापरली असण्याची शक्यता आहे. त्यात चेक नंबर, तारीख, रक्कम यांबरोबर घेणाऱ्याचं नावही भरतात. नव्या चेकसाठी ती नोंद नव्यानं करावी लागते, आणि चेकवर जे नाव, तेच तिथे. ही गोष्ट पहिल्या वाटेलाही लागू आहे: जुनाच चेक पत्र जोडून चालवायचा ठरला असेल तर अकाउंटंटनं उत्साहानं पॉझिटिव्ह पेमध्ये नाव दुरुस्त करायला जाऊ नये. चेकवर ‘पानशे’, नोंदीत ‘पानसे’, की नव्यानं विसंगती उभी राहते, आणि यावेळी ती कारखान्याच्या बँकेतून येते.

‘बेअरर चेक द्या, आई काउंटरवरून रोख घेईल’ हा सल्लाही कुणीतरी देईलच. कारखाना ऐकणार नाही. एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांवरचा खर्च अकाउंट पेयी चेक किंवा बँकेच्या मार्गाखेरीज चुकता केला तर तो खर्च त्यांना आयकरात धरता येत नाही. ८६,४०० रुपयांचा खर्च असा हातचा कोण घालवेल?

खात्याचंच नाव बदलून घेणं, ही कल्पनाही मनात आली असेल. आधार, पॅन आणि खातं तिन्हीकडे ‘सुनंदा मधुकर पानसे’ असेल तर खात्याला हात लावू नका. चूक चेकमध्ये आहे, ती चेकमध्येच सुधारा. एका चेकसाठी खात्यात ‘पानशे’ केलंत तर उद्या पॅनशी जुळत नाही म्हणून दुसरंच काही अडेल. खात्यातलं नाव बदलायची वेळ येते ती वेगळ्या प्रसंगी. म्हणजे खातं लग्नाआधीच्या नावावर आणि बाकी सगळे कागद सासरच्या नावावर, जे आपल्याकडे पहिलं नावही बदलत असल्यामुळे फारच घोळाचं होतं. माहेरची मंगला सासरी सुनंदा झालेली असते, आणि ‘मंगला’ नावाचा चेक ‘सुनंदा’च्या खात्यात जमा करायचा असतो. तिथे हमीपत्रानं भागत नाही. सरकारी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. बँकेच्या केवायसीच्या नियमांत हेच दोन कागद नावबदलासाठी सांगितले आहेत. आईच्या पिढीत पुष्कळांची लग्नं नोंदवलेली नसतात, त्यामुळे तशी वेळ असेल तर आधी महापालिकेत दाखल्याची चौकशी करा, बँकेत नंतर जा.

आईचं खातं एखाद्या पतपेढीत असतं तर आणखी एक वळण आलं असतं. पतपेढीच्या सभासदाच्या नावाचा अकाउंट पेयी चेक बँकेनं पतपेढीच्या खात्यात घ्यायचा तर रकमेची मर्यादा ५०,००० रुपयांची आहे. ८६,४०० त्यात बसला नसता, नाव अचूक असतं तरी. आईचं खातं सरळ बँकेत आहे, हे बरं आहे.

राहता राहिला अकाउंटंट. हा चेक निघाला तरी पुढच्या महिन्याचा पुन्हा ‘सुनंदाबेन एम. पानशे’ याच नावानं येणार, कारण ते नाव त्याच्या टॅलीत लेजर म्हणून बसलेलं आहे. चेक छापताना तिथूनच उचललं जातं. हातानं लिहीत असेल तरी तो लेजर बघूनच लिहितो. तेव्हा पत्र घ्यायला जाल त्याच दिवशी पासबुकाचं पहिलं पान दाखवून लेजरचं नाव बदलून घ्या, आणि जमलं तर त्याच्या समोर बसून. ‘हो हो, करतो, चालशे’ म्हणाला की समजा पुढचा चेकही ‘पानशे’ नावानंच येणार. आईच्या बिलबुकावरही बघा. डब्यांचं बिल ती गुजरातीत लिहीत असेल, तिथे तिनं स्वतःच ‘सुनंदाबेन’ अशी सही केली असेल, आणि अकाउंटंटनं ते वाचून इंग्रजीत उतरवलं असेल. बिलाच्या वर रबरी शिक्का करून घ्या: पासबुकातलं नाव इंग्रजीत जसंच्या तसं, खाली खाते नंबर आणि आयएफएससी.